खातं लॉक झालं म्हणजे खातं गेलं, असं नाही

गेल्या महिन्यात माझ्या मामांचं जीमेल खातं लॉक झालं. आदल्या रात्री फोनवर सूचना आली होती: नव्या उपकरणावरून साइन-इनचा प्रयत्न झाला आहे, तो तुम्हीच केलात का? मामांनी घाईने ‘नाही’ दाबलं. सकाळी नेहमीचा पासवर्ड घेईना, तेव्हा ‘माझं खातं हॅक झालं’ असं त्यांनी घरभर सांगून टाकलं.

इथेच पहिला गैरसमज. असं लॉक बहुतेक वेळा चोराला बाहेर ठेवण्यासाठीच लागतं. चोर आत शिरलाच होता, असं त्यावरून ठरत नाही. पासवर्ड मात्र फुटलेला असू शकतो, म्हणून खातं परत मिळालं की तो बदलायचाच.

मग मामा स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. ‘तिथल्या पोराला सगळं येतं.’ तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा नकार. खातं परत मिळवण्याच्या g.co/recover या पानावर तुम्ही काय उत्तर देता याइतकंच, ते कुठून देता हेही पाहिलं जातं. कॅफेतला संगणक त्या खात्याने कधी पाहिलेलाच नव्हता. घरचा जुना लॅपटॉप, रोजचा ब्राउझर, घरचंच वायफाय हाच तिथे ओळखीचा पुरावा.

आणि ते सुरक्षेचे प्रश्न? आईचं माहेरचं आडनाव, आवडता पदार्थ वगैरे प्रश्न म्हणजे भक्कम कुलूप, असं अजून कित्येकांना वाटतं. २०१५ साली गुगलच्याच संशोधकांनी ते तपासले. इंग्रजी बोलणाऱ्यांचा आवडता पदार्थ पहिल्याच अंदाजात ओळखण्याची शक्यता जवळपास २० टक्के निघाली. उलट, अमेरिकेतल्या ४० टक्के इंग्रजी भाषकांना गरज पडली तेव्हा स्वतःचंच उत्तर आठवेना. चोराला सोपं, मालकाला अवघड! म्हणून आता भर असतो तो आठवणाऱ्या शेवटच्या पासवर्डवर आणि फोनवर किंवा दुसऱ्या ईमेलवर येणाऱ्या कोडवर. पासवर्ड नक्की आठवत नसेल तर जुना, जवळचा वाटेल तो टाका. अंदाज चुकला म्हणून तुम्हाला बाहेर काढत नाहीत.

मामांची खरी अडचण वेगळीच होती. नोंदवलेला नंबर बंद पडलेल्या सिमचा. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, म्हणजे कोड परक्याच्या हातात पडायचा. सुदैवाने मुलीचा ईमेल पत्ता खात्यात नोंदवलेला होता. घरच्या लॅपटॉपवरून जुना पासवर्ड टाकला, तिच्याकडे आलेला कोड भरला. तरी लगेच दार उघडलं नाही. पडताळणीसाठी थांबायला सांगितलं. या थांबण्याने मामा पुन्हा घाबरले, पण ती वाट पाहणं प्रक्रियेचाच भाग असतं. दोन दिवसांनी खातं उघडलं.

या काळात ‘खातं सोडवून देतो, कोड सांगा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. तो कोड फक्त पडताळणीच्या पानावर टाकायचा असतो. आणि आज खातं उघडं आहे तोवरच, त्यात नोंदवलेला नंबर अजून तुमच्याकडेच आहे ना, एवढं बघून घ्या.