गुण, पर्सेंटाइल आणि स्टॅनाइन : निकालपत्रकातील आकडे कसे वाचावेत?

प्रतिनिधी

दहावी-बारावीच्या निकालातील टक्केवारी पालकांच्या अंगवळणी पडलेली आहे. मात्र २०१९पासून एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन या प्रवेश परीक्षांचे निकाल पर्सेंटाइलमध्ये लागू लागले. शाळांमधून घेतल्या जाणाऱ्या अभिक्षमता चाचण्यांच्या अहवालांत तर स्टॅनाइन आणि प्रमाण गुण असे आणखी दोन रकाने असतात. एकाच मुलाच्या एकाच उत्तरपत्रिकेतून निघालेले हे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे ठाऊक नसेल तर विद्याशाखा निवडण्याचा निर्णय चुकीच्या आधारावर घेतला जाण्याचा धोका असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नववीतील एका मुलीने अभिक्षमता चाचणी दिली. भाषिक क्षमतेच्या भागात तिला १००पैकी ७० गुण मिळाले, तर संख्यात्मक क्षमतेच्या भागात ८०पैकी ५२. टक्केवारी काढली तर भाषेत ७० आणि संख्येत ६५. 'मुलगी भाषेत पुढे आहे, गणितात थोडी मागे,' असा निष्कर्ष घरात सहज निघेल. प्रत्यक्षात तो उलटा आहे.

अंतर मोजणारा प्रमाण गुण

मूळ गुणांवरून प्रश्नपत्रिका सोपी होती की अवघड, हे कळत नाही. त्यासाठी चाचणी तयार करताना ती आधी त्या वयाच्या मोठ्या समूहाला दिली जाते. या समूहाला मानक गट म्हणतात. त्या गटाचे सरासरी गुण आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीच्या आसपास किती पसरलेले आहेत याचे माप, असे दोन आकडे काढले जातात. समजा, भाषेच्या भागाची सरासरी ६० व प्रमाण विचलन २० आहे आणि संख्येच्या भागाची सरासरी ४० व प्रमाण विचलन ८ आहे.

आता भाषेतील ७०मधून ६० वजा करून २०ने भागले की ०.५ येतात. संख्येतील ५२मधून ४० वजा करून ८ने भागले की १.५ येतात. म्हणजे ही मुलगी भाषेत सरासरीच्या अर्धे प्रमाण विचलन वर आहे, तर संख्येत दीडपट वर. अपूर्णांक आणि उणे आकडे टाळण्यासाठी याला १०ने गुणून त्यात ५० मिळवण्याची पद्धत आहे. त्यातून मिळणाऱ्या आकड्याला टी-गुण म्हणतात. भाषेचा टी-गुण ५५ आणि संख्येचा ६५. येथे ५० म्हणजे नापासाच्या जवळ नव्हे, तर नेमकी सरासरी. दोन विषयांची तुलना करायची असेल, तर पालकांनी हाच रकाना पाहावा.

क्रम सांगणारा पर्सेंटाइल

पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. गटातील शंभरपैकी किती जणांचे गुण आपल्या पाल्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढेच तो सांगतो. आपल्या उदाहरणातील मुलीचा पर्सेंटाइल भाषेत सुमारे ६९ आणि संख्येत सुमारे ९३ येतो. हे रूपांतर गुणांची विभागणी घंटेच्या आकाराची असेल तरच बरोबर ठरते. प्रश्नपत्रिका फार सोपी असून सरासरीच कमाल गुणांच्या जवळ गेली असेल, तर ते फसते.

प्रवेश परीक्षा अनेक सत्रांत होतात व प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. त्यामुळे तेथे मूळ गुणांची थेट तुलना न्याय्य ठरत नाही आणि त्या-त्या सत्रातील क्रमावरून पर्सेंटाइल काढला जातो. प्रत्येक सत्रातील अव्वल विद्यार्थ्याला १०० पर्सेंटाइल मिळतो, मग त्याचे गुण कितीही असोत. एकूण पर्सेंटाइल हा विषयवार पर्सेंटाइलची सरासरी नसतो, तो एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढला जातो.

पर्सेंटाइलच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, ही त्याची मोठी मर्यादा होय. आपल्या संख्येच्या चाचणीत गुण ४०वरून ४४ झाले, तर पर्सेंटाइल ५०वरून ६९वर उडी घेतो. तेच चार गुण ५२वरून ५६पर्यंत वाढले, तर तो ९३वरून जेमतेम ९८वर जातो. मधल्या पट्ट्यात विद्यार्थ्यांची दाटी असते, टोकाला ते विरळ होतात. म्हणून ५० ऐवजी ६० पर्सेंटाइल आला म्हणजे मूल फार सुधारले असे समजू नये. ९३चे ९८ झाले तर ती वाढ किरकोळही मानू नये. दुसरीकडे, प्रवेशाच्या रांगेत एकेक पर्सेंटाइल महत्त्वाचा असतो. तीन लाख परीक्षार्थी असतील तर एका पर्सेंटाइलमध्ये तीन हजार विद्यार्थी उभे असतात.

जाणूनबुजून ढोबळ ठेवलेला स्टॅनाइन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने ही पद्धत वापरात आणली. गुणांचे १ ते ९ असे नऊ गट करायचे, म्हणजे पंचकार्डावर एकाच रकान्यात आकडा मावेल, ही त्यामागची सोय होती. सर्वांत खालचे ४ टक्के विद्यार्थी पहिल्या गटात येतात, त्यानंतरच्या गटांत अनुक्रमे ७, १२, १७, २०, १७, १२, ७ आणि शेवटच्या नवव्या गटात पुन्हा ४ टक्के. ४, ५ आणि ६ हे सर्वसाधारण क्षमतेचे गट मानले जातात. आपल्या उदाहरणातील मुलगी भाषेत सहाव्या आणि संख्येत आठव्या गटात बसते.

एवढी बारीक माहिती असताना ती ढोबळ का करायची? कारण कोणतीही चाचणी तंतोतंत मोजत नाही. तीच चाचणी पुन्हा दिली तर गुण थोडे इकडेतिकडे होतातच. चाचणीची विश्वसनीयता ०.९१ असेल, म्हणजे ती उत्तम प्रतीची असेल, तरी टी-गुणात सुमारे ३ची चूक संभवते. आपल्या मुलीचा भाषेचा खरा टी-गुण त्यामुळे साधारण ५२ ते ५८च्या दरम्यान धरावा लागतो. पर्सेंटाइलच्या भाषेत तो पट्टा ५८ ते ७९ इतका रुंद होतो! अहवालात छापलेला ६९ हा आकडा वाटतो तितका पक्का नसतो, तो असा.

म्हणूनच दोन क्षमतांमध्ये एका स्टॅनाइनचा फरक असेल, तर त्यावरून मुलाचा ओढा ठरवू नये. फरक दोन किंवा अधिक असेल, तर मात्र त्याची दखल घ्यावी. आपल्या उदाहरणात तो दोनचा आहे. संख्येचा टी-गुणाचा पट्टा ६२ ते ६८ असून तो भाषेच्या पट्ट्याला कोठेही स्पर्श करत नाही. तेव्हा या मुलीची संख्यात्मक क्षमता भाषिक क्षमतेपेक्षा सरस आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

तुलना कोणाशी?

या तिन्ही आकड्यांना मानक गटाशिवाय अर्थ नाही. नववीच्या सर्व विद्यार्थ्यांत ९३ पर्सेंटाइल असणारा मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बसलेल्यांत बराच खाली येऊ शकतो, कारण तेथे निवडकच विद्यार्थी असतात. मराठी माध्यमातील मुलाची तुलना इंग्रजी माध्यमातील गटाशी केली असेल, तर भाषिक गुण विनाकारण कमी दिसतील. अहवाल हाती आल्यावर समुपदेशकाला मानक गट कोणत्या वयाचा, कोणत्या माध्यमाचा आणि कोणत्या वर्षीचा आहे, हे पालकांनी आवर्जून विचारावे. त्याचे उत्तर मिळत नसेल, तर त्या अहवालावर विसंबून शाखा बदलण्याची घाई करू नये.