यंत्र चालते, पण किंमत घसरते

बिदर-कलबुर्गी पट्टा हा तुरीचा प्रदेश. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण डाळीचा बाजार लहरी असतो. आयात वाढली, मागणी खाली आली की गिरण्यांचा दळणावळीतील नफा आटतो. यंत्र तेच असते, चालतेही तसेच. मात्र त्यापासून मिळणारा पैसा कमी होतो. अशा वेळी ताळेबंदात त्या यंत्रासमोर लिहिलेला आकडा खरा राहतो काय, हा प्रश्न हिशेबनीस आणि लेखापरीक्षक यांच्यासमोर उभा राहतो. त्याच्या उत्तराला लेखाशास्त्रात ‘इम्पेअरमेंट’, म्हणजे मूल्यक्षतीची चाचणी म्हणतात. मोठ्या कंपन्यांसाठी ती ‘इंड एएस ३६’ प्रमाणे, तर इतरांसाठी ‘एएस २८’ प्रमाणे होते.

घसारा आणि मूल्यक्षती यांत गल्लत होते. घसारा हा वापराचा ठरलेला हप्ता आहे, तर मूल्यक्षती हा बाजाराने दिलेला धक्का आहे. टाटा मोटर्सने डिसेंबर २०१८ च्या तिमाहीत जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेपोटी २७,८३८ कोटी रुपयांची मूल्यक्षती दाखवली, तेव्हा चीनमधील विक्री घटली होती आणि डिझेल गाड्यांची मागणी ओसरली होती. त्या नोंदीने तिजोरीतून एक रुपयाही बाहेर गेला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी समभाग कोसळला, कारण पूर्वी केलेली गुंतवणूक तितकी परत येणार नाही, हे कंपनीने स्वतःच मान्य केले होते.

आता छोटा हिशेब पाहू. समजा, बिदरलगतच्या नौबाद येथे एक डाळगिरणी आहे. सफाई यंत्रापासून सॉर्टेक्सपर्यंतची तिची साखळी दीड कोटीला घेतलेली आहे. पंधरा वर्षांच्या समान घसाऱ्याने पाच वर्षांत पन्नास लाख वजा झाले आणि पुस्तकी मूल्य १ कोटी उरले. एकट्या सॉर्टेक्सची चाचणी घेता येत नाही, कारण ते एकटे पैसा कमावत नाही. म्हणून सगळी साखळी एकत्रच तपासावी लागते.

मंदीनंतर मालकाचा अंदाज असा : यंत्रे आणखी पाच वर्षे चालतील, दरवर्षी निव्वळ १८ लाख रुपये मिळतील आणि शेवटी भंगाराचे १० लाख येतील. व्याज व प्राप्तिकर या रकमेतून वजा करायचे नसतात, आणि ‘पुढच्या वर्षी नवे यंत्र जोडू’ यासारख्या बेतांची कमाईही धरायची नसते. नेमके येथेच मालक आशावादी होतात.

नुसती बेरीज केली तर पाच वर्षांचे ९० लाख आणि भंगाराचे १० लाख मिळून बरोबर १ कोटी होतात, म्हणजे नुकसान नाहीच! पण पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. १२ टक्के दराने आजचे मूल्य काढले तर वार्षिक रकमांचे सुमारे ६४.९ लाख आणि भंगाराचे ५.७ लाख, एकूण ७०.६ लाख होतात. याला वापरमूल्य म्हणतात. दुसरीकडे, साखळी आज विकली तर ६८ लाख येतील, पण उतरवणे, वाहतूक आणि दलाली यांचे ४ लाख जाऊन ६४ लाखच हाती लागतील. दोन्हींतील मोठी रक्कम ही वसूलयोग्य रक्कम, कारण शहाणा मालक जास्त देणाराच मार्ग निवडील. ती ७०.६ लाख असल्याने उरलेले २९.४ लाख नफा-तोटा पत्रकात नुकसान म्हणून जातात.

२०२१ च्या नियमांनुसार छोट्या व मध्यम कंपन्यांना (बँक, विमा कंपनी किंवा सूचिबद्ध नसलेल्या; उलाढाल २५० कोटींपर्यंत व कर्ज ५० कोटींपर्यंत) वापरमूल्य आजच्या मूल्याने न काढता वाजवी अंदाजाने ठरवण्याची सवलत आहे. ती वापरल्यास तसे जाहीर करावे लागते. वरच्या उदाहरणात या सवलतीमुळे साडेएकोणतीस लाखांचे नुकसान दिसेनासे होऊ शकते, म्हणून ताळेबंद वाचणाऱ्या बँकेने आधी ही टीप शोधावी.

नोंद झाल्यावर पुढचा घसाराही बदलतो. ७०.६ लाखांतून भंगाराचे १० लाख वगळून उरलेली रक्कम पाच वर्षांत विभागली की वर्षाला सुमारे १२.१ लाख होतात. प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र ही मूल्यक्षती वजावट म्हणून धरली जात नाही. तेथील घसारा आपल्या वाटेने चालू राहतो.

बाजार सुधारला तर नोंद उलटवता येते, पण मर्यादेत. नुकसान नोंदलेच नसते, तर पाच वर्षांच्या उरलेल्या आयुष्यामुळे घसारा वर्षाला १८ लाख झाला असता आणि दोन वर्षांनी यंत्राचे मूल्य ६४ लाख उरले असते. प्रत्यक्षात ते सुमारे ४६.३ लाख असेल. तेव्हा वसूलयोग्य रक्कम ८० लाख निघाली, तरी मूल्य ६४ लाखांच्या पुढे नेता येत नाही. म्हणजे साधारण १७.७ लाखच परत घेता येतात.