रोजा असलेल्या मुलांचा पीटीचा तास

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. 2026 मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला, 2027 मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळांत उन्हाचा चटका वाढू लागतो आणि वर्षअखेरीच्या शारीरिक चाचण्या जवळ येतात, नेमके तेव्हाच रोजे असतात. मुंबईत या दिवसांत सेहरी पहाटे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास संपते आणि इफ्तार संध्याकाळी पावणेसातच्या आसपास होतो. मधले तेरा तास पोटात अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही.

अशा मुलांचं मैदानावर काय करायचं, याची दोन सोपी उत्तरं शाळांत दिसतात. एक, सगळ्यांबरोबर पळवायचं. दोन, कडेला बसवून ठेवायचं. दोन्ही चुकीची आहेत. निरोगी मुलाला रोज्यात हलका व्यायाम झेपतो. त्याला जड जातो तो वेग, ऊन आणि चुकीची वेळ.

आठवीतला एक मुलगा घेऊ, वजन चाळीस किलो. सेहरीत खाल्लेलं अन्न त्याला सकाळचे काही तास पुरतं. त्यानंतर शरीर यकृतात साठवलेली साखर वापरू लागतं आणि हळूहळू चरबीकडे वळतं. चरबीवर रमतगमत चालता येतं, पण सपाट्याने पळताना स्नायूंना साखरच लागते. पाण्याचा हिशेब याहून कडक आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं की दम लवकर लागतो, डोकं जड होतं, लक्ष उडतं. या मुलासाठी दोन टक्के म्हणजे 800 मिलीलिटर. उन्हात जोरात खेळलं तर तासाभरात पाव ते अर्धा लिटर घाम सहज जातो, आणि त्याला ते पाणी भरून काढायला संध्याकाळ उजाडावी लागते.

म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल वेळापत्रकात आहे. सकाळी आठचा तास असेल तर सेहरीला जेमतेम अडीच तास झालेले असतात. दुपारी साडेतीनच्या तासाला दहा तास. तोच मुलगा, तोच खेळ, पण शरीराची अवस्था पूर्ण वेगळी. महिनाभरासाठी पीटीचा तास गणिताच्या किंवा भाषेच्या तासाशी बदलून घेणं मुख्याध्यापकांच्या हातात असतं. उर्दू माध्यमाच्या अनेक शाळा रमजानमध्ये वेळा अलीकडे आणतातच. दुपारच्या पाळीच्या शाळेला सकाळ मिळत नसेल, तर पहिला तास घ्यावा आणि तोही झाडाखाली, व्हरांड्यात किंवा सभागृहात.

आता तीव्रता. शिक्षकाला यंत्राची गरज नाही. मुलाशी बोलत राहावं. तो पूर्ण वाक्य न अडखळता बोलू शकत असेल तर जोर बेताचा आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर थांबवायचं.

खो-खोचा तास कसा बदलता येतो ते पाहू. पाठलाग आणि खांबाभोवतीची वळणं हा या खेळातला सगळ्यात दमवणारा भाग, तो रोजा असलेल्या मुलांना द्यायचा नाही. पण पाटीवर नीट बसणं, खो मिळताच पटकन उठणं, हात लावतानाच ‘खो’ म्हणणं, पहिलं पाऊल योग्य दिशेला टाकणं, हे सगळं चालण्याच्या गतीने घोटता येतं. एरवी डाव सुरू झाला की या बारकाव्यांकडे कुणाचं लक्षच नसतं, त्यामुळे ही मुलं महिन्याअखेरी खेळात मागे पडण्याऐवजी तंत्रात पुढे गेलेली असू शकतात. पाच-सहा मिनिटं सराव, तेवढीच विश्रांती, मग पंचगिरी किंवा गुणलेखन. चाळीस मिनिटांच्या तासात प्रत्यक्ष हालचाल पंधरा-वीस मिनिटं पुरे. सुरुवातीचे तीन-चार दिवस त्याहूनही कमी, कारण शरीराला सवय झालेली नसते आणि तरावीह व सेहरीमुळे झोप तुटलेली असते. पोहण्याचा तास असेल तर तो बदलावा; नकळत पाणी पोटात जाईल ही भीती मुलांना असते.

मैदानावर पाणी पिता येत नसलं तरी थंडावा देता येतो. चेहरा धुणं, डोक्यावर आणि मानेवर ओला रुमाल ठेवणं, न गिळता हलकेच चूळ भरणं, याला रोज्यात हरकत नसते. खरी भरपाई मात्र रात्री होते. सेहरीला घाईघाईने लिटरभर पाणी प्यायलं तर त्यातलं बरंचसं दोन तासांत लघवीवाटे निघून जातं. त्यापेक्षा इफ्तारला दोन पेले, झोपेपर्यंत दर तासाला एक आणि सेहरीला दोन, असे सात-आठ पेले वाटून प्यावेत. सोबत ताक, दूध, वरण, शोरबा असेल तर पाणी शरीरात जास्त टिकतं. लोणचं, पापड, वेफर्स सेहरीला टाळावेत. सकाळी लघवी गडद पिवळी असेल, तर त्या दिवशी फक्त गुणलेखन.

चक्कर, थंडगार घाम, हात थरथरणं, मळमळ, असंबद्ध बोलणं यांपैकी काहीही दिसलं की खेळ बंद. मुलाला सावलीत आडवं करून पाय उंच ठेवावेत, अंगाला ओलं फडकं लावावं. काही मिनिटांत तरतरी आली नाही तर साखरपाणी किंवा ओआरएस द्यावं. आजारपणात रोजा सोडायला धर्माची मुभा आहे आणि तो दिवस नंतर भरून काढता येतो. मूल गोंधळलेलं किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करावा. मधुमेह असलेल्या मुलांबाबत रमजानआधीच डॉक्टरांचा सल्ला शाळेकडे असायला हवा.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे विचारणं. ‘आज कुणाकुणाचा रोजा आहे, हात वर करा’ हे वर्गात कधीही विचारू नये. पाळीच्या दिवसांत मुली रोजा ठेवत नाहीत, आणि हात वर न केल्याने ते सगळ्या वर्गाला कळतं. वयात येण्याआधी रोजा बंधनकारकही नसतो. एखाद्याने तो मध्येच सोडलेला असतो. 2014 च्या फुटबॉल विश्वचषकात अल्जीरियाचा जर्मनीविरुद्धचा बाद फेरीचा सामना रमजानमध्येच आला, तेव्हा कोण रोजा ठेवणार ही खासगी बाब असल्याचं प्रशिक्षक वाहिद हलिलहोजिच यांनी पत्रकारांना बजावलं होतं. शाळेत यावर साधा उपाय आहे: तासाच्या सुरुवातीला हलका आणि जोराचा असे दोन गट सांगायचे आणि कारण न विचारता ज्याला जो हवा तो निवडू द्यायचा.

हीच व्यवस्था इतर उपवासांनाही लागू पडते, फक्त पाण्याचे नियम बदलतात. नवरात्र किंवा एकादशीला पाणी चालतं, त्यामुळे बाटली जवळ असली की अर्धी काळजी मिटते. पर्युषणात उपवास करणारं जैन मूल दिवसा उकळलेलं पाणी पितं, तेव्हा त्याची स्वतःची बाटली मैदानावर येऊ द्यावी. मात्र अठाईसारख्या सलग उपवासात दुसऱ्या दिवसापासूनच यकृतातली साखर जवळपास संपलेली असते. तिथे धावणं पूर्ण बंद.

खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत 600 मीटर धावणं आणि 50 मीटरची दौड असते, तसंच बसून पुढे वाकण्याची लवचिकता चाचणीही असते. शेवटची चाचणी रोज्यात सकाळी घेता येते. धावण्याच्या चाचण्या ईदनंतर घ्याव्यात, आणि त्याही सुट्टी संपल्याबरोबर नव्हेत: आधी आठवडाभर हळूहळू पळण्याचा सराव, मग घड्याळ.