लाल सिग्नल, स्लो लोकल

‘तेव्हा तुला काय वाटतं? मनात कोणता विचार येतो?’ सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, या प्रश्नांवर उभी आहे. स्वमग्न मुलाचं घोडं अनेकदा इथंच अडतं. छाती धडधडतेय हे त्याला जाणवतं, पण याला भीती म्हणतात हे उमगत नाही. म्हणून बोलायचं ते कागदावर आणावं लागतं, आणि तेही मुलाच्या आवडीच्या विषयातून.

समजा, मुंबईतला नऊ वर्षांचा मुलगा आहे. लोकलवेडा. सोसायटीत कुत्रा दिसेल म्हणून त्यानं खाली उतरणंच सोडलंय. ‘दहापैकी किती भीती वाटते?’ यावर तो गप्प बसतो, पण रेल्वेचे सिग्नल त्याला तोंडपाठ आहेत. मग भीतीची पट्टी त्यांचीच करायची. हिरवा म्हणजे निवांत, दोन पिवळे म्हणजे तळहात घामेजले, एक पिवळा म्हणजे पोटात गोळा, लाल म्हणजे पळत सुटावंसं वाटणं. प्रत्येक रंगापुढे शरीराचं चित्र काढायचं.

भीतीला थोडं थोडं सामोरं जाण्याच्या पायऱ्या ही स्टेशनं. दादरला कुत्र्याचा फोटो, माटुंग्याला आवाज बंद केलेला व्हिडिओ, सायनला गॅलरीतून पाहणं, कुर्ल्याला अंगणात लांबवर साखळीला बांधलेला शेजाऱ्यांचा कुत्रा. गाडी स्लो, एकही स्टेशन गाळायचं नाही. सिग्नल दोन पिवळ्यांवर उतरला की पुढे.

प्रत्येक स्टेशनाआधी वहीत लिहायचं, ‘काय होईल?’ आणि नंतर, ‘काय झालं?’ आधी ‘अंगावर येईल’, नंतर ‘शेपटी हलवून झोपला’. विचार तपासून पाहण्याचं अवघड काम या दोन रकान्यांत होतं. मात्र ‘कुत्रे चावत नाहीत’ असं चुकूनही सांगू नये. भटके कुत्रे चावतात, आणि शब्द जसाच्या तसा धरणारा मुलगा ते एकदा पाहिलं की पुन्हा विश्वास ठेवणार नाही. नियम नेमका हवा: ओळखीचा, साखळीतला कुत्रा, मालक सोबत.

फसगतही होते. मुलगा ‘हिरवा’ म्हणतो आणि नखं कुरतडत असतो. तेव्हा तोंडापेक्षा हातांवर विश्वास ठेवावा. भुंकण्यानं कान खरोखर दुखत असतील तर ती निव्वळ भीती नव्हे; आधी कानांवर हेडफोन, मग पायऱ्या. आणि लोकलच्या गप्पांत सगळा तास जाऊ शकतो, म्हणून त्यांना शेवटची दहा मिनिटं राखून ठेवलेली बरी.

अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 7 ते 13 वयाच्या 167 स्वमग्न मुलांवर दोन्ही पद्धती तपासल्या गेल्या. नेहमीच्या सीबीटीनंही चिंता कमी झाली होती. स्वमग्नतेनुसार बदललेलीनं अधिक. त्यात पालकांचाही सहभाग होता. तो लागतोच, कारण दवाखान्यात जमलेलं सोसायटीच्या जिन्यात आपोआप जमत नाही. सिग्नलची पट्टी घराच्या दारामागे चिकटवावी लागते आणि खाली उतरताना आईनंही स्वतःचा रंग सांगावा लागतो.