अक्षरमालिकांची आवर्ती जोडणी

संगणकाच्या आज्ञावलीत अक्षरांचा जो क्रमबद्ध समूह एक घटक म्हणून हाताळला जातो, त्यास अक्षरमालिका (स्ट्रिंग) म्हणतात. लहान तुकडे एकामागून एक जोडून मोठी मालिका तयार करण्याची सर्वांत सरळ रीत पायथन या भाषेत पुढीलप्रमाणे लिहिली जाते.

```
s = ""
for p in pieces:
    s += p
```

या रीतीस लागणारा काळ तुकड्यांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे विधान नव्याने शिकणारे विद्यार्थी करतात. त्यामागील तर्क बरोबर आहे. मात्र तो ज्या गृहीतावर उभा आहे, ते गृहीत प्रत्येक वेळी खरे नसते.

पायथन, जावा इ. भाषांत अक्षरमालिका अपरिवर्तनीय असते. म्हणजे एकदा तयार झालेल्या मालिकेत बदल करता येत नाही. त्यामुळे जोडणी करताना नवी जागा घेऊन तीत जुनी मालिका व नवा तुकडा या दोहोंची नक्कल करावी लागते. प्रत्येक तुकडा k अक्षरांचा व तुकडे n असल्यास एकूण नक्कल k·n(n+1)/2 अक्षरांची होते. प्रत्येकी १० अक्षरांचे १०,००० तुकडे घेतल्यास अंतिम मालिका केवळ १,००,००० अक्षरांची असते. परंतु ती तयार होईपर्यंत ५०,००,५०,००० अक्षरांची नक्कल झालेली असते. तुकडे दुप्पट केले, की नक्कल सुमारे चौपट होते. जावामध्ये असेच घडते. तेथे भाषांतरक एकेका जोडणीसाठी अंतर्गत साहाय्य पुरवीत असला, तरी आवर्तनाच्या प्रत्येक फेरीत आधीची सर्व अक्षरे पुन्हा उतरविली जातात.

असे असूनही पायथनमध्ये प्रयोग करून पाहणाऱ्यास तुकडे दुप्पट केल्यावर काळही केवळ दुपटीच्या आसपास वाढल्याचे पुष्कळदा आढळते. याचे कारण भाषेच्या नियमांत नसून सीपायथन या तिच्या प्रचलित अंमलबजावणीत आहे. एखाद्या मालिकेकडे आज्ञावलीतील किती ठिकाणांहून निर्देश केला जातो, याची मोजदाद सीपायथन सतत ठेवते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २·४ या आवृत्तीपासून त्यात अशी सोय आहे, की जोडणीचे फलित त्याच स्थानिक चलात ठेवले जाणार असेल आणि जुन्या मालिकेकडे अन्य कोणाचाही निर्देश नसेल, तर नवी मालिका न घडविता जुनीचीच जागा वाढवून तुकडा शेवटी लिहिला जातो. जुनी मालिका इतर कोणास दिसतच नसल्याने अपरिवर्तनीयतेच्या नियमाला बाध येत नाही. एका अर्थी ही पळवाटच आहे, पण निर्दोष.

तथापि तिच्या मर्यादा महत्त्वाच्या आहेत. वरील आवर्तनात `t = s` एवढी एक ओळ `s += p` च्या आधी घातली, तर जुन्या मालिकेकडे दुसरा निर्देश निर्माण होतो व प्रत्येक फेरीत पूर्ण नक्कल होऊ लागते. स्थानिक चलाऐवजी `self.s += p` असे लिहिल्यासही तेच घडते, कारण जोडणीच्या क्षणी वस्तूने (ऑब्जेक्टने) जुनी मालिका धरून ठेवलेली असते. शिवाय जागा वाढविण्याचे काम स्मृतीचे वाटप करणाऱ्या यंत्रणेवर सोपविलेले असते. लगतची जागा मोकळी नसल्यास ती यंत्रणा सर्व मजकूर दुसरीकडे हलविते, म्हणजे नक्कल टळत नाही. म्हणूनच २·४ आवृत्तीच्या अधिकृत परिचयातच या सोयीवर विसंबू नये, असे सांगितले आहे. पायथनच्या इतर अंमलबजावणींत ती असेलच असे नाही.

प्रत्यक्ष स्थिती ओळखण्यासाठी एकदाच मोजलेला काळ उपयोगी पडत नाही. सलग स्मृतीची नक्कल आधुनिक संगणक इतक्या वेगाने करतो, की वरील पन्नास कोटी अक्षरांसही सेकंदाचा काही अंशच पुरतो. तुकड्यांची संख्या क्रमाने दुप्पट करीत जाऊन काळांचे गुणोत्तर पाहावे. ते २ च्या जवळ राहिल्यास वाढ रेषीय आणि ४ कडे सरकल्यास वर्गीय समजावी. लहान संख्यांसाठी हे गुणोत्तर फसवे असते, कारण तेव्हा नकलेपेक्षा आवर्तनाचाच खर्च अधिक असतो.

वर्गीय वाढ निश्चितपणे टाळण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पायथनमध्ये तुकडे यादीत साठवून शेवटी `"".join(pieces)` ही आज्ञा देतात. ती प्रथम एकूण लांबी मोजते, तेवढी जागा एकदाच घेते आणि प्रत्येक अक्षर एकदाच उतरविते. जावामधील `StringBuilder` या रचनेत जागा अपुरी पडली, की ती सुमारे दुपटीने वाढविली जाते. त्यामुळे स्थलांतरे मोजकीच होतात. शेवटचे स्थलांतर अंतिम लांबीहून कमी अक्षरांचे, त्याआधीचे त्याच्या निम्म्याचे, याप्रमाणे त्यांची बेरीज अंतिम लांबीच्या दुपटीहून कमीच राहते. यात मूळ लेखन मिळविले, तरी एकूण काम तिपटीच्या आत, म्हणजे रेषीयच, राहते.