झेंडूची माळ गेटला, काठीला नव्हे

पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री सोसायटीच्या गेटला झेंडूचं तोरण लागतं आणि उरलेली माळ हौसेनं ध्वजाच्या काठीला गुंडाळली जाते. चूक नेमकी इथेच होते. 2002 च्या ध्वजसंहितेनुसार काठीवर किंवा तिच्या टोकाला फुलं, हार काहीच लावता येत नाही. घडी केलेल्या ध्वजात मात्र पाकळ्या ठेवायला परवानगी आहे. त्या कोरड्या आणि मूठभरच घ्याव्यात. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटून बसतात.

पताकांचंही तसंच. खऱ्या ध्वजाची पताका करायची नाही. केशरी, पांढऱ्या, हिरव्या कापडाचे सुटे तुकडे ओवावेत.

व्यासपीठावरचा ध्वज वक्त्याच्या उजव्या हाताला असावा. भिंतीवर उभा लावला, तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे येतो.