परत फिरायचं तर साडेसहापर्यंत

‘प्रिय ग्राहक, तांत्रिक कारणास्तव शनिवारी रात्री 11 ते रविवारी सकाळी 9 या वेळेत एटीएम, यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद राहील.’ असा मेसेज येतो, आपण दोन हजार रुपये काढून ठेवतो आणि विसरून जातो. त्या दहा तासांत बँकेत काय चालतं? पुष्कळदा तिथे सगळी खाती एका संगणक-प्रणालीतून उचलून दुसरीत नेली जात असतात. या स्थलांतराच्या रात्रीला त्या क्षेत्रातले लोक ‘कटओव्हर’ म्हणतात आणि ती रात्र ज्या कागदावर चालते त्याला ‘रनबुक’. कागद म्हणायचं ते सवयीनं. खरं तर ती एक एक्सेल शीट असते. ओळीमागून ओळ कामं, प्रत्येक कामापुढे एक नाव, ठरलेली वेळ, प्रत्यक्षातली वेळ, आणि काही मोजक्या ओळींवर लाल रंग. इथून परत फिरता येतं का, किती वेळात, आणि कुठल्या मिनिटापर्यंत, हे त्या लाल ओळींत लिहिलेलं असतं.

समजून घेण्यासाठी एक नमुना घेऊ. जिल्ह्याच्या ठिकाणची सहकारी बँक, चाळीस शाखा, तीन लाखांच्या आसपास खाती. पंधरा-वीस वर्षं चाललेली जुनी प्रणाली सोडून ती नव्यावर जाते आहे. मुहूर्त दुसऱ्या शनिवारचा, कारण 2015च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. शाखांचे व्यवहार शुक्रवारीच आटोपतात. पूर्वी एवढ्यानं भागायचं. आता शाखेला कुलूप असलं तरी पैसा हलतच असतो. एनईएफटी 2019च्या डिसेंबरपासून चोवीस तास, आरटीजीएस वर्षभरानंतर तशीच, आणि यूपीआयला तर रात्र कधी नव्हतीच. म्हणजे निवांत वेळ आपोआप मिळत नाही, ग्राहकांना आणि वरच्या यंत्रणांना आगाऊ कळवून ती मागून घ्यावी लागते. मागून घेतलेल्या वेळेला शेवट असतो. इथे तो रविवारी सकाळी नऊ.

रनबुक लिहायला बसलेला माणूस सुरुवात या नऊपासून करतो आणि उलटा मागे येतो. नवीन प्रणाली फसली तर नऊ वाजता निदान जुनी तरी चालू असली पाहिजे. जुनी उठवायला चाळीस मिनिटं, एटीएम-यूपीआयच्या जोडण्या पुन्हा तिच्याकडे वळवायला पस्तीस, आणि सगळं जागेवर आहे ना हे तपासायला पंचेचाळीस. झाले दोन तास. वर अर्धा तास हाताशी ठेवायचा. म्हणजे साडेसहा. साडेसहाला निर्णय झालेला नसेल, तर निर्णय झालेलाच आहे : मागे फिरायचं. ही वेळ त्या रात्री कुणाच्या आग्रहाखातर पुढे सरकवायची नसते, म्हणून ती महिनाभर आधी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहीनं ठरते. पहाटे सहाला, रात्रभर जागून कंटाळलेल्या माणसांना ‘आणखी वीस मिनिटं द्या, होतंच आहे’ हे वाक्य फार पटतं.

मग कामं. अकराला एटीएम, यूपीआय बंद. त्यानंतर जुन्या प्रणालीत दिवसअखेर, म्हणजे ज्याला बँकेत सगळे ‘डे-एंड’ म्हणतात तो. साडेबाराला संपूर्ण बॅकअप, ट्रायल बॅलन्सची प्रत, आणि जुनी प्रणाली ‘फक्त वाचण्यापुरती’. इथे पहिली लाल ओळ. जुन्याला कुणी हात लावू शकत नाही, तोवर परतीचा रस्ता मोकळा. पाऊण तासात डेटा फायलींमध्ये बाहेर काढायचा, दीडला नव्या प्रणालीत भरायला सुरुवात, चारपर्यंत भरून संपायला हवा. चार ते सव्वापाच ताळमेळ, पुढे पाऊण तास शाखाधिकाऱ्यांची तपासणी, सहाला निर्णयाची बैठक.

प्रत्येक ओळीपुढे एकाच माणसाचं नाव. ‘डेटाबेस टीम’ असं लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं. एक नाव, त्याचा फोन, आणि तो झोपला किंवा आजारी पडला तर दुसरं नाव. सगळे एका फोन-कॉलवर रात्रभर जोडलेले असतात आणि त्या कॉलवर एक सूत्रधार. तो स्वतः कुठलंही काम करत नाही. ‘चौदा सुरू करा’ असं तो म्हणतो, चौदाचा मालक ‘सुरू, एक बत्तीस’ असं सांगतो, आणि सूत्रधार ती वेळ शीटमध्ये लिहितो. मालकानं आधीचं काम संपलेलं दिसलं म्हणून आपणहून पुढचं सुरू करायचं नाही. हुशार माणसांना हा नियम जाचतो. पण बहुतेक गोंधळ अशा उत्साहानंच होतात : बॅकअप संपल्याची खात्री व्हायच्या आत कुणीतरी पुढची स्क्रिप्ट चालवलेली असते.

कामांना लागणारा वेळ अंदाजानं लिहून चालत नाही. तो रंगीत तालमीतून येतो. पूर्ण डेटा, तीच यंत्रं, तीच माणसं, आणि शक्यतो तीच वेळ. एक दशांश डेटा भरून आलेला वेळ दहानं गुणला, की तो आकडा हमखास दगा देतो. तालमीत आणखी एक गोष्ट उघडी पडते, खास आपल्याकडची. जुन्या प्रणालींत मराठी नावं युनिकोडमध्ये नसतात. एखाद्या फॉन्टच्या हिशेबानं टाइप केलेली असतात. नव्या प्रणालीत ती अगम्य चिन्हं होऊन येतात. हे तालमीत कळलं तर रूपांतराचा प्रोग्रॅम लिहायला महिना असतो, रात्री तीनला कळलं तर काहीच नसतं.

तालमीतून आलेल्या वेळांचा खरा उपयोग मधल्या खुणेला होतो. भरणं दीड ते चार, म्हणजे पावणेतीनला निम्मा डेटा आत हवा. समजा शीटमध्ये 35 टक्के दिसतात. पंचाहत्तर मिनिटांत 35 टक्के, तर याच गतीनं पूर्ण भरायला साडेतीन तासांच्या वर. म्हणजे पाच वाजून जाणार. त्यापुढे सव्वा तासाचा ताळमेळ, पाऊण तासाची तपासणी. सात. साडेसहा ओलांडली. अजून कुठलीही चूक झालेली नाही, स्क्रीनवर एकही लाल अक्षर नाही, भरणारा माणूस मनापासून ‘व्यवस्थित चाललंय’ म्हणतोय, आणि तरीही पावणेतीनलाच कळलेलं असतं की गती वाढली नाही तर आजची रात्र गेली. घड्याळ लिहिलेलं नसतं तर हे सहाला कळलं असतं.

आपल्या नमुन्यात भरणं वेळेत झालं असं धरू. चारला ताळमेळ सुरू. आधी खात्यांची संख्या, प्रकारवार : बचत, चालू, मुदत ठेव, कॅश क्रेडिट. सगळी जुळली. अनुभवी माणूस इथे सुस्कारा सोडत नाही, कारण संख्या जुळणं सोपं असतं. मग रकमा. चार पंचवीसला कॅश क्रेडिटच्या बेरजेत फरक : 4,18,250 रुपये.

एवढ्या मोठ्या बेरजेत चार लाख कुठे शोधायचे? इथे हिशेबनीसांची जुनी युक्ती कामी येते. फरकाला नवानं भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यायचा. सम फरक असेल तर त्याचं निम्मं करायचं, कारण नावे रक्कम जमेला किंवा जमा रक्कम नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. निम्मे झाले 2,09,125. नेमकी एवढी शिल्लक असलेलं खातं शोधलं, एकच सापडलं, एका व्यापाऱ्याचं. कॅश क्रेडिट हे कर्जखातं, त्यात येणं असतं. पण या व्यापाऱ्यानं शनिवारी मोठी वसुली भरली आणि खातं जमेत गेलं. डेटा बाहेर काढणाऱ्या प्रोग्रॅमनं ‘कर्ज म्हणजे नावेच’ असं गृहीत धरून नावे-जमेची खूण सोडून दिली होती. तालमीच्या दिवशी एकही कॅश क्रेडिट खातं जमेत नव्हतं, म्हणून चूक दिसली नाही. बँकेकडून ज्याला दोन लाख नऊ हजार यायचे, तो सोमवारी तेवढ्याचाच कर्जदार ठरला असता.

आता मोह असा, की नव्या प्रणालीत त्या एका खात्याची शिल्लक हातानं बदलावी. एक मिनिटाचं काम. पण मग चुकीचा नियम तसाच राहतो आणि त्याच खुणेवर चालणारी व्याजाची आकारणी पुढे चुकते. रनबुकमध्ये याचंही उत्तर आधी लिहिलेलं असतं : कारण न सापडलेला फरक एक रुपयाचा असला तरी परत, कारण सापडलेला असेल तर नियम दुरुस्त करून तो प्रकार पुन्हा काढायचा, पुन्हा भरायचा, आणि वेळ पुरत असेल तरच. जुनी खाती गोठवलेली असल्यामुळे तीच रक्कम पुन्हा काढता येते. नियम पावणेपाचला दुरुस्त झाला, पाच दहाला तो प्रकार पुन्हा भरून झाला, पाच पंचवीसला बेरीज जुळली. दहा मिनिटं उशीर. शाखाधिकाऱ्यांची तपासणी सहा दहाला संपली : पासबुक छापून पाहिलं, ठेवीची पावती, दागिन्यांच्या कर्जाचा उतारा, न्यायालयाच्या आदेशानं गोठवलेलं एक खातं खरंच गोठलेलं आहे का. सहा वीसला होकार.

यानंतरची ओळ सर्वांत गडद लाल. एटीएम-यूपीआयच्या जोडण्या नव्या प्रणालीकडे वळवल्या, की रात्रभर तुंबलेले एनईएफटी आत येऊ लागतात. पहिला पगार, पहिली निवृत्तिवेतनाची रक्कम नव्या वहीत पडली, की जुनी वही शिळी झाली. आता मागे जायचं तर हे नवे व्यवहार जुन्यात पुन्हा लिहावे लागतील, आणि दर मिनिटाला त्यांची संख्या वाढत असते. कागदोपत्री रोलबॅक अजून शक्य असतो, व्यवहारात नसतो. इथून पुढे जे बिघडेल ते पुढे जाऊनच दुरुस्त करायचं.

आणि बिघडतं ते कधीकधी ताळमेळाच्या पलीकडचं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं 2018च्या एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारी सुमारे पन्नास लाख ग्राहक लॉइड्सच्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेले. तिथल्या नियामकांच्या नोंदीप्रमाणे डेटा नीट पोहोचला होता. नवी प्रणालीच ग्राहक आत येताच कोलमडू लागली. घडी बसायला डिसेंबर उजाडला, आणि 2022मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांवर दंड झाला. रिकाम्या प्रणालीत बेरजा जुळतात. सोमवारच्या गर्दीत ती किती टिकते हे बेरीज सांगू शकत नाही. त्यासाठी आधी वेगळी चाचणी, पूर्ण गर्दीचं सोंग आणून, घ्यावी लागते.

म्हणून आपल्या बँकेचं रनबुक रविवारी नऊला संपत नाही. सोमवारी सकाळी दहा ते बारा दर पंधरा मिनिटांनी फसलेल्या व्यवहारांची संख्या बघायची, त्यापुढे एक नाव. सोमवारी रात्री नव्या प्रणालीतला कामकाजाच्या दिवसाचा पहिला डे-एंड, त्यापुढे दुसरं. महिनाअखेरीची व्याज-आकारणी जुन्या पद्धतीनं शंभर खात्यांवर करून ताडून बघायची, त्यापुढे तिसरं. ती ओळ भरेपर्यंत जुना सर्व्हर बंद करायचा नाही, आणि ‘बंद करा’ असं कुणी सांगायचं तेही शेवटच्या ओळीत नावानिशी लिहिलेलं असतं.